'आलेल्या'ची रांग की सुटी वाक्ये?

"यवतमाळहून आलेल्या व्यापाऱ्याच्या गाडीने बाजार समितीसमोर उभ्या असलेल्या बंडीला धडक दिली." तालुक्याच्या बातमीतली ही नेहमीची घडण. पण यवतमाळहून आलं कोण, व्यापारी की गाडी?

एरवी 'आलेला व्यापारी', 'आलेली गाडी' असा फरक दिसतो. पुढच्या नामाला 'च्या' किंवा 'ने' लागला की दोन्हींचं 'आलेल्या' होतं आणि लिंगाची खूणच पुसली जाते. वाचणारा मग बहुधा जवळच्या नामाला, म्हणजे व्यापाऱ्याला, ते जोडतो. गाडी म्हणायची असेल तर "व्यापाऱ्याच्या यवतमाळहून आलेल्या गाडीने" असा क्रम हवा. धातुसाधित विशेषण त्याच्या नामाला चिकटलं की गोंधळ मिटतो, आणि वाक्यही एकच राहतं.

दुसरी वाट सुट्या वाक्यांची: "समितीसमोर बंडी उभी होती. व्यापाऱ्याची गाडी यवतमाळहून आली आणि बंडीला धडकली." पारावर बातमी अशीच सांगतात. शंका उरत नाही, मात्र धडक शेवटी जाते. पहिल्याच ओळीत धडक मागणाऱ्या संपादकाला ते खपत नाही. ('जी गाडी आली, तिने' हे बातमीत शाळेच्या व्याकरणासारखं वाटतं.)

माझं मत: गाडीपुरतं क्रम बदलणं पुरतं. त्याच वाक्यात पंचनाम्याला आलेला जमादारही घुसवायचा असेल, तर सरळ पूर्णविराम द्यावा.