पुस्तकांची यादी की एक सोडवलेलं प्रमेय?

सोलापुरात अर्थशास्त्रात एम.ए. केलेल्या अर्जदाराच्या गुणपत्रिकेत सांख्यिकी असते, पण रिअल ॲनालिसिस बहुधा नसतं. पीएचडीच्या अर्जासोबतच्या निवेदनात ही उणीव दोन प्रकारे भरता येते.

पहिला मार्ग यादीचा: ‘मी ॲनालिसिस आणि लिनियर अल्जेब्रा स्वतः शिकलो.’ एका ओळीत काम होतं, पण वाचणाऱ्याला तुम्ही प्रस्तावना वाचली की स्वाध्याय सोडवले, हे कळत नाही. पाच पुस्तकांची नावं लिहिली तर संशयच वाढतो.

दुसरा मार्ग एकाच प्रश्नाचा. उदाहरणार्थ: ‘उपयोगिता फलन सतत असेल आणि सर्व किमती धन असतील, तर अंदाजपत्रक संच बंद आणि सीमित, म्हणून कॉम्पॅक्ट असतो, महत्तम मूल्य नक्की मिळतं. एका वस्तूची किंमत शून्य केली की संच सीमित राहत नाही. u = x + y घेतलं, y फुकट असेल, तर महत्तम मूल्यच नाही.’ गृहीतक कुठे मोडतं हे दाखवणारी ही तीन-चार वाक्यं यादीपेक्षा जास्त बोलतात. मात्र मुलाखतीत कॉम्पॅक्टची व्याख्या विचारली जाईल, तेव्हा अडखळलात तर उलटंच होईल.

या दोनांपैकी दुसरा मार्गच घ्या, पण तोही पुरावा नव्हे, नमुना आहे. त्याला NPTEL च्या ॲनालिसिसच्या कोर्सची केंद्रावर दिलेली परीक्षा जोडा आणि गुण आकड्यात लिहा. नुसतं ‘कोर्स पाहिला’ म्हणजे पुन्हा यादीच.