भरावाच्या हिशेबातून गायब केलेला ३६० चा छेद

यवतमाळ जिल्ह्यातल्या गावरस्त्यांच्या कामांवर माझे टिप्पर आणि जेसीबी चालतात. मुख्य ठेकेदाराकडून मुरुमाच्या भरावाचं काम घनमीटरच्या दराने घ्यायचं, हा माझा धंदा. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका कामात माझे जवळपास लाख रुपये बुडवले गेले. कागदावर एकही आकडा खोटा नव्हता, फक्त एक आकडा गाळला होता. माझ्यासारखी छोटी कामं घेणाऱ्यांनी हा प्रकार नीट समजून घ्यावा म्हणून लिहितो आहे.

भरावाचं माप असं निघतं. ठराविक अंतरावर रस्त्याचा आडवा छेद काढतात. शेजारच्या दोन छेदांच्या क्षेत्रफळांची सरासरी काढून मधल्या अंतराने गुणलं की त्या तुकड्याचे घनमीटर मिळतात. आमच्या रस्त्याची वरची रुंदी ७.५ मीटर होती आणि बाजूचा उतार दोनास एक, म्हणजे एक मीटर उंचीला दोन मीटर पसारा. जमीन आडवी सपाट असल्याने भरावाच्या उंचीला (७.५ + उंचीची दुप्पट) ने गुणलं की छेदाचं क्षेत्रफळ येत होतं.

वाद झाला तो चेनेज ३०० ते ४२० मधल्या, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून ३०० ते ४२० मीटरवरच्या, लवणाचा. ३०० आणि ४२० ला भराव ०.६ मीटर, ३३० आणि ३९० ला १ मीटर आणि बरोबर मध्ये, ३६० ला, २.५ मीटर. क्षेत्रफळं अनुक्रमे ५.२२, ९.५ आणि ३१.२५ चौरस मीटर. दर ३० मीटरचा छेद धरला तर सगळे मिळून १,६६४ घनमीटर होतात. माझ्या बिलात मात्र या तुकड्याचे १,०१२ च आले.

बिलासोबतचा तक्ता पाहिला तर चेनेज असे होते: ३००, ३३०, ३९०, ४२०. ३६० नव्हताच. ३३० आणि ३९० दोन्हीकडे ९.५, म्हणून सरासरीही ९.५, आणि गुणिले ६० मीटर. गुणाकार बिनचूक, पण लवणाचा तळ हिशेबातून साफ उडालेला. फरक ६५२.५ घनमीटर. १५० रुपये दराने ९७,८७५ रुपये.

विचारलं तर ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणाला, "भाऊ, ही पद्धतच अंदाजी आहे, थोडं इकडंतिकडं होतेच." हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. पद्धत अंदाजी आहे हे खरं, पण तिची चूक किती आणि कोणत्या बाजूला, हे काढता येतं. ३३० ते ३६० या तुकड्यात मधल्या १.७५ मीटर उंचीचाही छेद धरून प्रिझमॉइडल सूत्राने माप काढलं तर ५८९ घनमीटर येतात. सरासरीने ६११ येतात. म्हणजे अशा चढ-उताराच्या जागी सरासरीची पद्धत थोडं जास्तच दाखवते. पूर्ण १२० मीटरमध्ये हा फरक पन्नासच्या आत राहतो. साडेसहाशे घनमीटरची तूट त्या पद्धतीच्या माथी मारता येत नाही.

टिप्परच्या खेपा मोजून भांडण्यातही अर्थ नव्हता. गाडीतला मुरूम सैल असतो, रोलरखाली दबतो, आणि दर दबलेल्या भरावाचा ठरला होता. मूळ जमीनही आता भरावाखाली गेली होती. तिथली लेव्हल भराव टाकण्याआधी घेतली, तेव्हा मला बोलावलं नव्हतं आणि वाचनांची प्रत मागूनही दिली नाही.

पुरावा मिळाला तो भरावाच्या पायथ्याशी. पावसाळ्याआधी, बाजूचे उतार वाहून पसरायच्या आत, मी ३६० ला टेप धरला. एका पायथ्यापासून दुसऱ्या पायथ्यापर्यंत १७.५ मीटर. ३३० ला तेच अंतर ११.५. ३६० च्या १७.५ मधून वरची ७.५ वजा केली तर १० मीटर उरतात. दोन्ही बाजूंना उंचीच्या दुप्पट पसारा, म्हणजे हे उंचीच्या चौपट. म्हणजे उंची २.५ मीटर. दोन्ही जागांचे टेपसह फोटो काढले आणि गावातल्या दोघांच्या सह्या घेतल्या.

मग माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून विभागाच्या मापन पुस्तिकेची प्रत मागवली. त्यात ३६० चा छेद होता, क्षेत्रफळ ३१.२५. ठेकेदाराने वरून पूर्ण १,६६४ घनमीटरचं बिल उचललं होतं आणि माझ्या तक्त्यातून तेवढी एकच ओळ काढली होती.

आता मी पहिला टिप्पर रिकामा होण्याआधीच मूळ जमिनीच्या लेव्हलवर दोघांच्या सह्या मागतो, आणि करारात लिहून घेतो: छेद ३० मीटरवर, शिवाय जमिनीचा उतार जिथे एकदम बदलतो तिथे जादा. तक्ता हातात आला की क्षेत्रफळांआधी चेनेजचा रकाना वाचतो. अंतर मध्येच दुप्पट झालं असेल तर त्या जागी जाऊन पायथ्याची रुंदी मोजतो.

ठेकेदाराला वकिलामार्फत नोटीस दिली आहे. मापन पुस्तिकेची प्रत सोबत जोडल्यावर त्याने निम्मी रक्कम देऊ केली. मी पूर्ण मागितली आहे.