सूक्ष्मदर्शकाचं हिंदी मॅन्युअल, आठ महिन्यांनंतर: घोडं अडलं ते (2) आणि (3) वर

मॅन्युअल नवं होतं तेव्हा दिलेला अभिप्राय चांगला होता. त्यातला निम्मा आज मागे घेतोय. बाकी सगळं मॅन्युअल एका पारड्यात आणि चित्र 6 खालचं एक वाक्य दुसऱ्या पारड्यात ठेवलं, तर ते वाक्यच जड भरतंय.

आधी लक्षण सांगतो, कारण ते बऱ्याच ठिकाणी दिसतं. ४० पटीच्या ऑब्जेक्टिव्हखाली फोकस लावला, वहीत नोंद केली, परत डोळा लावला तर चित्र धूसर. फाइन नॉब फिरवून पुन्हा स्पष्ट केलं, मिनिटाभरात पुन्हा धूसर. दोष स्लाइडला किंवा दिव्याला दिला जातो. खरं तर स्टेज स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली सरकत असते, कारण कोर्स नॉबमागची टेन्शन रिंग ढिली झालेली असते. या मॉडेलमध्ये रिंगच्या कडेला एक खाच आहे. तिच्यात चपट्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर घालून रिंग किंचित आवळली की काम झालं. पण हिंदी मॅन्युअल समोर ठेवून हेच करताना स्क्रू ड्रायव्हर गेला रिंग आणि नॉब यांच्यामधल्या फटीत. रिंग जागची हलली नाही, कडेचा टवका मात्र उडाला.

वाचणाऱ्याची चूक नव्हती. चित्रात (1) म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, (2) म्हणजे खाच, (3) म्हणजे रिंग. मूळ इंग्रजी वाक्यात क्रियापद आधी येतं, त्यामागोमाग रिंग, मग स्क्रू ड्रायव्हर आणि शेवटी खाच. म्हणजे आकडे येतात 3, 1, 2 असे. हिंदीत क्रियापद शेवटी जातं आणि वाक्य उलटं उलगडतं:

«खाँचे (2) में पेचकस (1) डालकर छल्ले (3) को घुमाएँ।»

आकड्यांचा योग्य क्रम 2, 1, 3. छापलं गेलं ते असं:

«खाँचे (3) में पेचकस (1) डालकर छल्ले (2) को घुमाएँ।»

शब्द सगळे बरोबर, व्याकरण बरोबर, आकडेही तिन्ही हजर. फक्त मूळ क्रमाने बसवलेले. भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये असे आकडे कधी कधी कुलूपबंद तुकडे म्हणून येतात. भाषांतरकार वाक्य लिहून घेतो आणि मग ते तुकडे डावीकडून उजवीकडे टाकत जातो. आपोआप होणारी तपासणी अनेकदा एवढंच बघते की मुळातले सगळे आकडे भाषांतरात आले का. 1, 2, 3 आले, शेरा मिळाला ठीक. त्यात मधला (1) योगायोगाने जागेवरच राहतो, त्यामुळे भरभर वाचणाऱ्या संपादकालाही खटकत नाही. चित्रातला (3) रिंगच्या गुळगुळीत कडेकडे बोट दाखवतो. तिथे खाच शोधणाऱ्याला शेजारची फटच खाच वाटणार.

आधीची तक्रार होती शब्दांबद्दल. ऑब्जेक्टिव्हला «अभिदृश्यक», आयपीसला «नेत्रिका» कशाला, असं तेव्हा म्हटलं होतं. ती तक्रार मागे. हे शब्द हिंदी माध्यमाच्या विज्ञानाच्या पुस्तकांतून मुलांना माहीत असतात, आणि पहिल्या पानावरच्या मोठ्या चित्रात एकदा पाहिले की लक्षात राहतात. अपरिचित शब्दाशी माणूस थांबतो आणि चित्र बघतो. चुकीच्या आकड्याशी कोणी थांबत नाही, हात थेट तिकडे जातो.

दुसरी गोष्ट इशाऱ्याची, आणि ती याच चित्राला चिकटलेली आहे. मुळात चित्र 6 च्या लगेच खाली चौकट आहे: डावा आणि उजवा कोर्स नॉब एकाच वेळी उलट दिशांना फिरवू नका, आतली यंत्रणा बिघडेल. ही चौकट नेमकी तिथेच हवी, कारण काही मॉडेलांत एक नॉब धरून दुसरा फिरवणं हीच ताण बदलायची रीत असते. तशा यंत्रांवर हात बसलेला माणूस इथेही तेच करायला जातो, आणि रिंग हलत नसेल तर नक्कीच. हिंदी आवृत्तीत ही चौकट पुढच्या पानावर, हॅलोजन दिवा बदलण्याच्या चित्राखाली गेली आहे. तिथे तिचा कशाशीच संबंध लागत नाही.

हे का झालं? देवनागरीला वर-खाली मात्रांसाठी ओळींत जास्त अंतर लागतं, शिवाय त्याच पॉइंटमध्ये अक्षर बारीक दिसतं म्हणून आकार वाढवावा लागतो. मजकूर फुगला आणि चित्र 6 खाली चौकटीला जागा उरली नाही. चौकट कृतीच्या परिच्छेदाला न बांधता सुटी ठेवली होती, ती मूळ साथ सोडून पुढच्या पानावर ढकलली गेली. चौकट परिच्छेदालाच बांधायची आणि परिच्छेद, चित्र, चौकट एका पानावर राहतील अशी अट मांडणीत घालायची. पान अर्धं रिकामं राहिलं तरी चालेल. कागद वाचवायच्या नादात इशारा हरवणं हा सगळ्यांत महागडा सौदा.

आता आकड्यांची तपासणी. एका चित्राची नावांची यादी आणि त्याच चित्राचा मजकूर एका साध्या फाइलमध्ये घ्यायचा. यादीही «खाँचा (2)» अशीच लिहायची, नाव आधी आणि आकडा कंसात. मग ही आज्ञा:

```
grep -oE '[^ ]+ ?\([0-9]+\)' chitra6.txt | sort | uniq -c
```

शब्द-आकड्यांच्या जोड्या एकाखाली एक येतात. «खाँचा (2)» च्या शेजारी «खाँचे (3)» दिसलं की चूक उघडी पडते. «खाँचा» आणि «खाँचे» ही एकाच शब्दाची रूपं आहेत हे यंत्राला कळत नाही, ते डोळ्यांनीच बघावं लागतं. मजकुरात १, २, ३ आणि चित्रात 1, 2, 3 अशी भेसळ असेल तर देवनागरी आकडे या आज्ञेला दिसतच नाहीत, म्हणून चित्रावर कोरलेलेच आकडे मजकुरात ठेवायचे. शिवाय दोन चित्रं एका फाइलमध्ये घेऊ नयेत, कारण प्रत्येक चित्रात आकडे 1 पासून सुरू होतात.

पण जी चूक यादीतच आहे, ती या आज्ञेला सापडणार नाही. त्यासाठी मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाला यंत्रासमोर बसवायचं. त्याने हिंदी वाक्य मोठ्याने वाचायचं आणि प्रत्येक आकड्याला प्रत्यक्ष भागाला बोट लावायचं, काही न फिरवता. चित्र 6 ला ही तपासणी मिनिटभरात होते.

भाषांतर करून देणाऱ्यांचं उत्तर आलं: पुढच्या छपाईत दुरुस्ती करू. तोवर थांबण्यात अर्थ नाही आणि पूर्ण मॅन्युअल पुन्हा छापण्यातही नाही. सध्या चित्र 6 खाली दुरुस्त वाक्याची पट्टी चिकटवली आहे, तिच्याखालीच उलट नॉबांचा इशारा. दिव्याच्या पानावरची भरकटलेली चौकट कोऱ्या पट्टीने झाकली. तिथे मुळातला इशारा हवा होता: प्लग काढा, दिवा गार होऊ द्या, काचेला उघडं बोट लावू नका. तो शोधल्यावर सापडला आणखी एक पान पुढे, फ्यूजच्या चित्राखाली.