प्रिंटर फॅक्टरी रिसेट: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्याकडे छोट्या ऑफिससाठीचा काळा-पांढरा लेझर ऑल-इन-वन आहे. दोन ओळींचा डिस्प्ले, बाणांची बटणं, वायफाय, वरती स्कॅनर. छपाई चांगली आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. या मशीनबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात ते रिसेटबद्दल, आणि गेल्या काही महिन्यांत त्याच्याशी माझा बराच संबंध आला, म्हणून हा अनुभव मुख्यतः त्याचाच.

मेन्यूमध्ये रिसेट नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक `Network Reset`. यात फक्त वायफायचं नाव, पासवर्ड, आयपी पत्ता वगैरे जातं. दुसरा `Factory Reset`, ज्यात सगळंच जातं. बऱ्याच कंपन्यांच्या मशीनवर ही विभागणी कमी-जास्त फरकाने अशीच असते, नावं थोडी वेगळी. डिस्प्ले नसलेल्या मशीनवर नेटवर्क रिसेटसाठी बहुधा दोन बटणं एकत्र काही सेकंद धरून ठेवावी लागतात. जोडी मॉडेलनुसार बदलते, त्यामुळे ती मॅन्युअलमधूनच बघावी.

पहिला प्रसंग राउटर बदलल्यावरचा. नव्या राउटरला मुद्दाम जुनंच वायफाय नाव आणि जुनाच पासवर्ड दिला होता, म्हणजे कुठल्याच उपकरणावर काही बदलायला नको. फोन, लॅपटॉप आपोआप जोडले गेले. प्रिंटरचा वायफाय दिवाही स्थिर पेटला. पण प्रत्येक कॉम्प्युटरवर प्रिंटर ऑफलाइन. दिवा लागलेला आणि तरी ऑफलाइन, इथेच माणूस चक्रावतो आणि ड्रायव्हर काढून पुन्हा टाकत बसतो.

अशा वेळी आधी मशीनमधूनच नेटवर्कचं पान छापून घ्यावं. त्याला कॉम्प्युटर लागत नाही, मेन्यूत `Print Reports` किंवा तशाच नावाखाली ते मिळतं. आमच्या पानावर वायफायचं नाव बरोबर होतं, जोडणी चालू होती, पण आयपी पत्ता होता 192.168.1.50 आणि त्याच्यापुढे `Static` लिहिलेलं. नवा राउटर मात्र 192.168.0 या मालिकेतले पत्ते वाटत होता. म्हणजे प्रिंटर वायफायवर व्यवस्थित बसला होता, पण जुन्या घराचा पत्ता गळ्यात अडकवून. हा पत्ता मशीन आधी सांभाळणाऱ्याने हाताने घातला होता आणि तसं कुठेही लिहून ठेवलं नव्हतं.

खरं तर मेन्यूत जाऊन फक्त आयपी ‘ऑटो’वर टाकला असता तरी भागलं असतं. पण त्या माणसाने आणखी काय काय हाताने भरलं होतं, गेटवे, डीएनएस, कुठला प्रोटोकॉल बंद, याचा पत्ता नव्हता. एकेक शोधत बसण्यापेक्षा `Network Reset` दिला. मशीन स्वतःहून बंद होऊन चालू झालं. ॲड्रेस बुक, स्कॅनच्या सेटिंग, ट्रेचा कागद, काहीही हललं नाही.

मग वायफाय नव्याने जोडणं. बाणांनी पासवर्ड भरणं हे या मशीनचं सगळ्यात वैतागवाणं काम आहे, लहान-मोठी अक्षरं तर विचारूच नका. राउटरवर डब्ल्यूपीएस बटण असेल तर ते वापरा. दोन्हीकडचं बटण दोन मिनिटांच्या आत दाबायचं, एवढंच पथ्य. आणि यादीत तुमचं वायफाय दिसतच नसेल तर रिसेट पुन्हा देऊन उपयोग नाही. असे बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्यांना दिसतही नाही. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा प्रकारावर ठेवला असेल तर जुन्या प्रिंटरला नाव दिसतं, पण जोडणी होत नाही. ही दोन्ही दुरुस्ती राउटरच्या बाजूला करायची असते.

इतकं करूनही कॉम्प्युटरवर ऑफलाइनच दाखवत होतं, आणि हे अपेक्षितच होतं. प्रिंटरला आता 192.168.0.107 मिळाला होता, पण विंडोजमधला पोर्ट अजून 192.168.1.50 वरच बोट दाखवत होता. प्रिंटरच्या गुणधर्मांत `Ports` टॅबमध्ये जाऊन `Add Port`, मग `Standard TCP/IP Port` निवडून नवा पत्ता दिला आणि अडकलेली पानं धडाधड बाहेर आली. त्यानंतर राउटरमध्ये हा पत्ता प्रिंटरच्या मॅक पत्त्यासाठी, म्हणजे त्याच्या नेटवर्कच्या ओळख क्रमांकासाठी, राखून ठेवला. मॅक पत्ता रिसेटने बदलत नाही, त्यामुळे ही सोय टिकते. एक काळजी मात्र घ्या: केबलचा आणि वायफायचा मॅक पत्ता वेगळा असतो, छापलेल्या पानावरून वायफायचाच उचला. प्रिंटरमध्ये हाताने पत्ता घालण्यापेक्षा राउटरमध्ये राखून ठेवणं मला केव्हाही बरं वाटतं, कारण पुढच्या वेळी राउटर बदलला तर प्रिंटर आपोआप नव्या मालिकेत जातो.

दुसरा प्रसंग अडकलेल्या एरर कोडचा. एके दिवशी डिस्प्लेवर आकड्यांचा कोड आणि खाली ‘बंद करून चालू करा’. बंद करून चालू केलं की क्षणभर तयार असल्याचं दाखवायचं आणि लगेच तोच कोड. ऑफिसात सगळ्यांचं एकमत: फॅक्टरी रिसेट मारा.

मी तो दिला नाही. आधी एक साधी चाचणी केली. मशीन बंद-चालू करून मेन्यूतून वायफाय बंद करता येईल इतपत उसंत मिळते का पाहिलं, ती मिळेना, म्हणून राउटरच बंद केला, यूएसबी केबल काढली आणि मग प्रिंटर चालू केला. कोड आला नाही. प्रिंटर निवांत, कॉपीही व्यवस्थित निघाली. राउटर चालू केल्यावर थोड्या वेळात पुन्हा कोड. याचा अर्थ बिघाड मशीनच्या आत नव्हता, बाहेरून येणाऱ्या कामात होता. कुठल्या तरी कॉम्प्युटरच्या रांगेत एक फाइल अडकली होती. ती पोचली की प्रिंटरचा प्रोसेसर ती वाचताना कोलमडायचा, आणि प्रिंटर उठून उभा राहिला की कॉम्प्युटर इमानदारीने तीच फाइल पुन्हा पाठवायचा. इथे फॅक्टरी रिसेट दिला असता तर ॲड्रेस बुक गेलं असतं आणि वायफाय जोडल्याबरोबर कोड परत आला असता.

रांग नुसती खिडकीतून रद्द होत नसेल, `Deleting` वरच अडकून बसली असेल, तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे:

```
net stop spooler
del /Q /F /S "%systemroot%\System32\spool\PRINTERS\*.*"
net start spooler
```

यात त्या कॉम्प्युटरवरची सगळ्या प्रिंटरची अडकलेली कामं जातात, तेव्हा इतरांना आधी सांगा. एकेक कॉम्प्युटर बाजूला करत गेलो तेव्हा गुन्हेगार सापडला, एक पीडीएफ. तीच पीडीएफ नंतर छपाईच्या प्रगत पर्यायांत ‘प्रतिमा म्हणून छापा’ निवडल्यावर बिनतक्रार निघाली. वेळ थोडा जास्त लागला.

यावरून मला एक ढोबळ कसोटी मिळाली. नेटवर्क आणि केबल तोडल्यावर कोड गेला तर कामात खोट आहे. सगळं तोडूनही चालू करताक्षणी, किंवा रोलर फिरू लागण्याच्या त्याच ठरावीक क्षणी कोड येत असेल, तर तो सेन्सर बोलतोय, आणि सेन्सरला रिसेटशी काही देणंघेणं नाही. कागद अडकल्याचा संदेश जात नसेल तर बहुतेक वेळा कागदाच्या वाटेतली छोटी प्लॅस्टिकची पट्टी एखाद्या चिटोऱ्याने खाली दाबून धरलेली असते. टॉर्च घेऊन मागचं झाकण उघडा. लेझरमध्ये फ्यूजर तापला नाही किंवा जास्त तापला असा संदेश आला तर काही मशीन चालू ठेवूनच पंधराएक मिनिटं थांबायला सांगतात. तिथे बटणं दाबत बसणं म्हणजे उलट वेळ वाढवणं. इंकजेटवाल्यांचा नेहमीचा प्रश्न वाया गेलेल्या शाईच्या पॅडचा. तो भरल्याची मोजणी मशीनच्या कायमच्या मेमरीत असते, मेन्यूतला फॅक्टरी रिसेट तिला हातही लावत नाही. ती मोजणी शून्य करणारी सॉफ्टवेअर मिळतात, पण मोजणी शून्य झाली म्हणून भिजलेलं पॅड कोरडं होत नाही. पॅड न बदलता हे केलं तर शाई शेवटी टेबलावर येते.

पूर्ण फॅक्टरी रिसेट मी आतापर्यंत एकदाच दिला, आणि तोही एररसाठी नाही. प्रिंटरचं वेबपान असतं, ब्राउझरमध्ये त्याचा आयपी टाकला की उघडतं. त्याचा ॲडमिन पासवर्ड आधीच्या माणसाबरोबर गेला होता. या मशीनवर तो काढण्याचा दुसरा रस्ता नाही. रिसेटनंतरचा सुरुवातीचा पासवर्ड मशीनच्या मागच्या लेबलवर छापलेला आहे. नव्या मॉडेलांवर तो असा प्रत्येक मशीनचा वेगळा असतो, जुन्यांवर सगळ्यांचा एकच असायचा. त्यामुळे रिसेटनंतर तो लगेच बदलणं आलंच.

रिसेटच्या आधी सेटिंगचं पूर्ण पान छापून घेतलं आणि स्कॅन कुठल्या फोल्डरला जातं, कुठल्या इमेलने जातं, याचे वेबपानाऐवजी डिस्प्लेवरून दिसतील तेवढे तपशील उतरवले. तरी स्कॅन-टू-इमेलचा पासवर्ड पुन्हा मागून घ्यावा लागला, कारण तो पानावर ताऱ्यांतच छापला जातो. भाषा, तारीख, झोपी जाण्याची वेळ हे पाच मिनिटांचं काम. नडला तो ट्रे. त्याचं माप परत लेटरवर गेलं होतं, आत कागद ए४, आणि पहिल्याच छपाईला ‘माप जुळत नाही’ हा संदेश. रिसेटनंतर नवाच एरर आला म्हणून घाबरू नका, आधी ट्रेचं माप तपासा. छापलेल्या पानांचा एकूण आकडा आणि ड्रमचं उरलेलं आयुष्य मात्र जसंच्या तसं राहिलं.

सध्या मशीन सुरळीत चालतं. एक कुरबूर उरली आहे: वीज जाऊन आली की कधीकधी राउटर पत्ते वाटायला तयार होण्याआधीच प्रिंटर पत्ता मागून मोकळा होतो आणि 169.254 ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतो. पानावर असा पत्ता दिसला की राउटरकडून काही मिळालं नाही असं समजायचं, राउटर पूर्ण सुरू होऊ द्यायचा आणि प्रिंटर एकदा बंद-चालू करायचा. त्याला रिसेट लागत नाही.