बुधवारचं रिलीज: काही महिने वापरल्यावर

आमची छोटी टीम पर्वरीत बसते आणि गोव्यातल्या लहान हॉटेलांसाठी, होमस्टेंसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर बनवते. पूर्वी काम झालं की लगेच लाइव्ह, मग वार कुठलाही असो. पावसाळ्यापासून मात्र वेळापत्रक पाळतोय: सोमवारी संध्याकाळी ५ ला कोड फ्रीझ, मंगळवारी टेस्टिंग, बुधवारी सकाळी ११ ला रिलीज आणि दुपारी २ पर्यंत रोलबॅकची मुभा. बुधवार अशासाठी, की शुक्रवारी पाहुणे यायला लागतात. बिघडलंच काही, तर गुरुवार हाताशी असतो.

फ्रीझची सवय लवकर लागली. रिलीजची ब्रांच वेगळी निघते आणि तिच्यात फक्त टेस्टिंगमध्ये सापडलेल्या बगांचे फिक्स जातात. फिक्स आधी `main` मध्ये, मग तिथून `git cherry-pick -x` ने रिलीजच्या ब्रांचवर. फक्त ब्रांचवरच केला, तर पुढच्या बुधवारी तोच बग परत हजर. सोमवारी चारनंतर मर्जची झुंबड उडते, ती काही अजून थांबलेली नाही.

खरा कस रोलबॅकचा. जुना बिल्ड चढवला की कोड मागे जातो, डेटाबेस जात नाही. आम्हाला `phone` या कॉलमचं नाव `guest_phone` करायचं होतं. स्टेजिंगवर रंगीत तालीम केली: नवी आवृत्ती चढवली, एक बुकिंग केलं, परत जुनीवर आलो. बुकिंगची यादी उघडेना, कारण जुना कोड अजून `phone` च मागत होता.

मग काम चार रिलीजमध्ये विभागलं. पहिल्यात नवा कॉलम रिकामा जोडला. कोड दोन्हीकडे लिहील, पण वाचेल जुन्यातून. ते स्थिरावल्यावर जुन्या नोंदी थोड्या थोड्या करून नव्या कॉलमात भरल्या. दुसऱ्यात वाचन नव्यातून, लिहिणं अजून दोन्हीकडे. तिसऱ्यात जुन्याचा `NOT NULL` काढून तिथे लिहिणं थांबवलं आणि चौथ्यात तो कॉलम उडवला. एका नावासाठी महिना! पण प्रत्येक टप्प्यावर एक पाऊल मागे येता येत होतं. घाईच्या लोकांना हे वेळापत्रक इथेच नकोसं होईल.

दोननंतर मागे जायचं नाही, पुढचा फिक्सच द्यायचा, कारण तोवर नव्या कोडने लिहिलेली बुकिंगं साठलेली असतात. त्या तीन तासांत एररचा लॉग बघतो आणि पैसे भरूनही ‘पेंडिंग’ राहिलेली बुकिंगं शोधतो. तसं एक जरी दिसलं, तरी आधी रोलबॅक; बिघाडाचं कारण नंतर शोधायचं. हे आधीच ठरलेलं असल्यामुळे ऐनवेळी वाद होत नाही.

एक उणीव आहे. पावसाळ्यात त्या वेळात बुकिंग जेमतेम येतात, त्यामुळे लॉग स्वच्छ दिसला तरी पेमेंटचा रस्ता कुणी वापरलेलाच नसतो. म्हणून आता रिलीज झाल्या झाल्या आम्हीच खरे पैसे भरून एक बुकिंग करतो, रद्द करतो आणि रिफंड निघाला का बघतो.

चवथीच्या आठवड्यात रिलीज ठेवलं नाही. अर्धी टीम गावाला असते. डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यातही ठेवणार नाही.