मुलुंड की ठाणे? घरभाडे भत्त्याच्या नजरेतून

दोन वर्षांपूर्वी घर बदलताना मीही या पेचात होतो. मुलुंड मुंबईत, म्हणून एचआरएची मर्यादा मूळ पगाराच्या 50 टक्के. चेकनाका ओलांडला की ठाणे, तिथे 40. ऑफिस मुंबईत असलं तरी फरक पडत नाही, घर कुठे आहे ते बघतात. सगळे सांगत होते, मुलुंडच घे, टॅक्स वाचेल.

मी जुनी कररचना धरून आहे. तेव्हा, म्हणजे 2024-25 मध्ये, मूळ पगार महिना 60,000 आणि एचआरए 30,000 होता. मुलुंडचं घर 34,000 ला, ठाण्याचं 28,000 ला. सूट मिळते ती तीन आकड्यांतल्या सर्वांत लहान आकड्याइतकी: मिळालेला एचआरए, शहराची मर्यादा, किंवा भाड्यातून मूळ पगाराचा दहावा हिस्सा वजा करून उरते ती रक्कम. माझ्या बाबतीत हा दहावा हिस्सा 6,000. म्हणजे मुलुंडला सूट 28,000 आणि ठाण्यात 22,000. ठाण्याची मर्यादा 24,000 होती, ती आडवी आलीच नाही. भाडं 30,000 च्या वर गेलं तरच 40 आणि 50 चा फरक जाणवला असता.

मुलुंडला 6,000 जादा सूट मिळाली असती, पण भाडंही 6,000 जादाच. माझा स्लॅब 20 टक्क्यांचा, सेस धरून वाचले असते 1,248. उरलेले 4,752 दर महिन्याला खिशातूनच जाणार होते.

तरी मुलुंडचं स्टेशन जवळ होतं, मन तिकडेच ओढत होतं. पण करारावर सगळं फिसकटलं. मालक म्हणाले, "करार 24,000 चा करू, वरचे दहा रोख द्या." पॅन द्यायलाही का कू करत होते. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की ऑफिसला घरमालकाचा पॅन लागतोच. आणि दहा हजारांची पावतीच नाही म्हटल्यावर माझी सूट 18,000 वर येत होती. जास्त भाडं देऊन ठाण्यापेक्षा कमी सूट! ठाण्याच्या काकूंनी पहिल्याच भेटीत पॅनची झेरॉक्स हातात ठेवली आणि भाडं थेट बँकेत टाकायला सांगितलं.

ज्याचं त्याचं गणित वेगळं, हे मान्य. कुटुंब मोठं असेल आणि दोन्हीकडे 34,000 च मोजावे लागणार असतील, तर मुलुंड बघायला हरकत नाही. ठाण्यात सूट 24,000 वर अडकेल, मुलुंडला 28,000 मिळेल. माझ्या स्लॅबमध्ये त्याचे महिन्याला 832 रुपये होतात. मला विचाराल तर तेवढ्यासाठी पावतीला नाखूश असलेला मालक मी पत्करणार नाही. फक्त ठाण्यात राहिलात तर ऑफिसच्या फॉर्ममध्ये 'मेट्रो' वर टिक करू नका. आमच्याकडे एकाने केली होती, रिटर्न भरताना फरकाचा टॅक्स व्याजासकट भरावा लागला.