ॲपमधला सहा आकडी कोड की पासकी?

लॉगिन करताना पासवर्डसोबत मागितला जाणारा सहा आकडी कोड ऑथेंटिकेटर ॲप बनवतं. त्यात साइटचा क्यूआर कोड स्कॅन केला की एक गुप्त किल्ली फोनमध्ये उतरते; तिचीच प्रत सर्व्हरकडे असते. मग नेटवर्कही लागत नाही. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३० ने भागून पूर्णांक घ्यायचा. तो आणि किल्ली मिळून HMAC-SHA1 या गणिती प्रक्रियेतून २० बाइट येतात. त्यातले कोणते चार घ्यायचे हे शेवटचा बाइट सांगतो, आणि त्या संख्येचे शेवटचे सहा अंक म्हणजे कोड. या पद्धतीचं मानक असलेल्या RFC 6238 मधलं उदाहरण बघा: किल्ली `12345678901234567890`, वेळ ५९ सेकंद. भागाकार १, कोड `287082`.

फोनचं घड्याळ दोन मिनिटं चुकलं तर प्रत्येक ताजा कोड नाकारला जातो, कारण सर्व्हर साधारण ३० सेकंदांचा एखादाच टप्पा मागेपुढे चालवून घेतो. स्वयंचलित वेळ चालू केली की हे सुटतं.

खरी अडचण बनावट पानाची. तुम्ही तिथे टाकलेला कोड भामटा त्याच अर्ध्या मिनिटात खऱ्या साइटवर वापरतो. कोडला कुठे टाकला जातोय हे कळत नाही. शिवाय सर्व्हरला किल्ली मूळ रूपात लागते, म्हणून ती चोरीला गेली की चोरही कोड काढू शकतो.

पासकीत कोड टाकायचाच नसतो; फोन आपल्याकडच्या खाजगी किल्लीने डिजिटल सही करून लॉगिन करतो. ही किल्ली सर्व्हरकडे जातच नाही आणि सही त्या साइटच्या डोमेनपुरतीच होते, त्यामुळे बनावट पानाला काहीच मिळत नाही. मी पासकीच निवडेन. फक्त फोन हरवल्यावरची पर्यायी वाट एसएमएसची असेल, तर भामटा तीच धरेल.